रांग कोणत्या फाटकाशी लागते: पगारातील फरकांच्या तीन स्पष्टीकरणांचा आढावा

कसाऱ्याहून इगतपुरीकडे येणारी गाडी सुमारे 14 किलोमीटरांत जवळपास तीनशे मीटर उंची चढते. चढ सर्वांत तीव्र आहे तिथे 37 मीटर पुढे गेले की रूळ एक मीटर वर आलेला असतो. नेहमीचे एक इंजिन एवढ्या चढाला पुरत नाही, म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे ‘बँकर’ इंजिने लागतात आणि इगतपुरीला ती सुटतात. 1865 साली थळ घाटातला हा मार्ग सुरू झाला तेव्हापासून इगतपुरी हे रेल्वेच्या नोकरीवर उभे राहिलेले गाव आहे. पुढे मुंबई-आग्रा महामार्गावर गोंद्याची औद्योगिक वसाहत आली, महिंद्राचा इंजिन कारखाना आला. पावसाळ्यात आवणीला आणि घोटीच्या गिरण्यांत भात भरडायला लागणारी मजुरी तर आधीपासूनच होती.

एवढ्या छोट्या परिसरात मेहनतीचे भाव किती वेगळे आहेत ते पाहण्यासारखे आहे. घाटात मालगाडी चालवणारा लोको पायलट, त्याच रुळांवर हातोडा घेऊन चालणारा गँगमन, स्थानकावर ठेकेदाराकडे राबणारा सफाई कामगार, गोंद्यात एकाच यंत्रावर आलटून पालटून उभे राहणारे कायम आणि ठेक्यावरचे कामगार, चिखलात दिवसभर वाकून रोपे लावणारी बाई. या सगळ्यांचे उत्पन्न एकमेकांहून इतके वेगळे का?

अर्थशास्त्रात याची तीन उत्तरे प्रचलित आहेत. पहिले, पगार माणसाने शिकण्यात घातलेल्या वेळेचा आणि पैशाचा परतावा आहे. हे मानवी भांडवल. दुसरे, पगार कामातल्या त्रासाची आणि धोक्याची भरपाई आहे. हा भरपाई वेतनफरक. तिसरे, मालक बाजारभावापेक्षा जास्त पगार मुद्दाम देतो, कारण त्याने कामगार टिकतो आणि कामात कुचराई करत नाही. हे कार्यक्षमता वेतन. तिन्हींची बीजे अॅडम स्मिथच्या 1776 सालच्या ग्रंथातल्या एकाच प्रकरणात सापडतात. मजुरी वेगवेगळी का, याची पाच कारणे त्याने दिली. कामाची रुचकरता, शिकण्याची अवघडता आणि खर्च, कामाची सलगता, कामगारावर टाकावा लागणारा विश्वास आणि यशाची शक्यता. दोनशे वर्षांनी यांतल्याच धाग्यांतून वेगवेगळे सिद्धांत विणले गेले.

हे सिद्धांत एकमेकांना पर्याय म्हणून शिकवले जातात. प्रत्यक्षात ते तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत आणि कोणते उत्तर कुठे लागू पडते ते ओळखण्याच्या खुणाही वेगळ्या आहेत. पगाराचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. नोकरीच्या फाटकाशी किती रांग आहे, आत शिरलेला माणूस सोडून जातो का आणि गेला तर बाहेर त्याला काय मिळते, या तीन गोष्टी पाहिल्या की आकड्याचा अर्थ लागतो.

शिकण्याचा परतावा

थिओडोर शुल्ट्झ, गॅरी बेकर आणि जेकब मिन्सर या तिघांनी 1950 ते 1970 च्या दशकांत मानवी भांडवलाचा सिद्धांत बांधला. बेकरचे पुस्तक 1964 चे, मिन्सरचे 1974 चे. गाभा साधा आहे. शिकताना माणूस फी भरतो आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या काळातली कमाई सोडतो. पुढचा वाढीव पगार हा त्या गुंतवणुकीचा परतावा. मिन्सरने शिक्षणाची वर्षे आणि अनुभव यांच्याशी पगाराचे नाते मांडणारे सूत्र दिले. जगभरच्या अशा मोजमापांत शाळेच्या एका जादा वर्षामागे कमाई सरासरी नऊ टक्क्यांच्या आसपास वाढलेली दिसते.

इगतपुरीत हे गणित करून पाहू. सातव्या वेतन आयोगानुसार गँगमनची, म्हणजे कागदोपत्री ट्रॅक मेंटेनरची, सुरुवातीची मूळ वेतनपातळी 18,000 रुपये. असिस्टंट लोको पायलटची 19,900. पहिल्याला दहावी पुरते, दुसऱ्याला दहावीनंतर आयटीआय किंवा पदविका लागते. आयटीआयची दोन वर्षे धरली तर त्यांचा मोबदला सुरुवातीला फक्त 1,900 रुपये, म्हणजे साडेदहा टक्के. महागाई भत्ता मुळाच्या निम्मा धरला तर महिन्याला 2,850 आणि वर्षाला 34,200 रुपये. समजा त्या दोन वर्षांत हा मुलगा महिना 12,000 रुपयांवर मदतनीस म्हणून राबला असता. त्याने 2 लाख 88 हजार रुपये सोडले. नुसत्या सुरुवातीच्या फरकातून ते भरून यायला आठ वर्षांहून जास्त लागतील. हा परतावा काही आकर्षक म्हणता येणार नाही.

तरी मुले आयटीआय करतात, कारण ती दोन वर्षे शिडीच्या पहिल्या पायरीची किंमत आहेत. मालगाडीचा लोको पायलट झाल्यावर मूळ वेतनपातळी 35,400 ला पोचते, गँगमनच्या सुरुवातीच्या जवळपास दुप्पट. शिवाय धावत्या गाडीवर किलोमीटरच्या हिशेबाने मिळणारा रनिंग भत्ता वेगळा. म्हणजे खरा फरक शाळेतल्या शिक्षणाने पडत नाही, नोकरीत शिकलेल्या गोष्टींनी पडतो.

इथे बेकरचा सर्वांत कामाचा भेद येतो. काही कौशल्य सर्वसाधारण असते, कुठेही विकता येते. नाशिकच्या द्राक्षबागांत छाटणीला जाणाऱ्या टोळ्यांचे कौशल्य असे आहे. काडी कुठे कापायची हे ज्याला कळते त्याचा हात दिंडोरीत चालतो तसाच निफाडलाही चालतो. म्हणून टोळी एकरावर उक्ते ठरवते आणि भाव पटला नाही तर दुसऱ्या बागेत जाते. कौशल्य तिचे आणि त्याचे पैसेही तिचेच. बागायतदार मात्र तिला शिकवण्यावर खर्च करत नाही, कारण शिकलेली टोळी उद्या शेजाऱ्याकडे जाईल. ती आपसांत, पगार सोडून, शिकत राहते.

दुसऱ्या प्रकारचे कौशल्य एकाच मालकाकडे उपयोगी पडते. रेल्वेत कोणत्याही मार्गावर गाडी नेण्याआधी चालकाला तो मार्ग शिकावा लागतो. जुन्या चालकाबरोबर फेऱ्या करून, मार्ग ठाऊक झाला अशी सही द्यावी लागते. बरेच दिवस त्या मार्गावर काम नसेल तर पुन्हा शिकाऊ फेऱ्या कराव्या लागतात. सिग्नल कोणत्या वळणामागे दिसतो, ब्रेक कुठे धरायला सुरुवात करायची, भरलेली गाडी उतारावर कशी आवरायची, मागच्या बँकरशी जोर कसा जुळवायचा, हे सगळे थळ घाटाचे ज्ञान आहे. ते रेल्वेबाहेर कोणी विकत घेत नाही.

मग हे शिकण्याचा खर्च कोण करतो? बेकरचे उत्तर असे की दोघे वाटून घेतात. मालक शिकण्याच्या काळातही पगार देतो आणि नंतर कामगाराला बाहेरच्या भावापेक्षा थोडा जास्त देत राहतो, नाहीतर तो गेला तर केलेला खर्च बुडाला. म्हणून विशिष्ट कौशल्याच्या नोकरीत पगार वयाबरोबर चढतो आणि सोडून जाणारे थोडे असतात. यातून पहिली खूण मिळते. पगार सर्वसाधारण कौशल्याचा असेल तर माणूस मालक बदलून तो बरोबर नेतो. मालक बदलताच पगार गळून पडत असेल तर तो त्या एका जागेला चिकटलेला होता, मग ते विशिष्ट कौशल्य असो की आणखी काही.

एक शंका इथेच नोंदवावी लागते. मायकेल स्पेन्सने 1973 साली असे दाखवले की शिक्षणाने माणसाच्या कामात काही भर पडली नाही तरी त्याला जास्त पगार मिळू शकतो, कारण पदवीमुळे तो हुशार आणि चिकाटीचा आहे एवढे मालकाला कळते. रेल्वेच्या भरती परीक्षेतले गणित आणि सामान्यज्ञान रूळ आवळताना वापरले जात नाही. ते चाळणीचे काम करते. दहावी पुरेशी असलेल्या जागेसाठी पदवीधर अर्ज करतात तेव्हा त्यांच्या पदवीच्या वर्षांचा परतावा कोणालाच मिळत नाही.

त्रासाची भरपाई

दुसऱ्या सिद्धांताचा दावा असा. दोन कामांना सारखेच कौशल्य लागत असेल आणि एक जास्त त्रासाचे असेल, तर सारख्या पगारावर त्रासाचे काम कोणी घेणार नाही. म्हणून त्याचा पगार चढेल आणि शेवटी पगार व त्रास मिळून दोन्ही कामे सारख्याच मोलाची होतील. शर्विन रोझेनने 1974 आणि 1986 च्या लेखांत याला नेमके रूप दिले. त्याचा एक बारकावा महत्त्वाचा आहे. प्रत्येकाला त्रास सारखा वाटत नाही. रात्रपाळीचे काहीच न वाटणारी माणसे आधी त्या कामाला जातात. भरपाई किती, हे त्या कामात शिरलेल्या शेवटच्या, म्हणजे जेमतेम तयार झालेल्या माणसावर ठरते. अशी माणसे भरपूर असतील तर धोका मोठा असूनही भरपाई छोटी राहते.

सरकारी वेतनात ही भरपाई उघडपणे दिसते. सातव्या वेतन आयोगाने धोका आणि हालअपेष्टा यांचा एक तक्ता केला. त्याच्या टोकाला सियाचीन आहे, जिथे 2017 पासून जवानाला महिना 30,000 आणि अधिकाऱ्याला 42,500 रुपये मिळू लागले. त्याच तक्त्यात गँगमनसाठी जोखीम भत्त्याचा मूळ दर महिना 2,700 रुपये, सुरुवातीच्या मूळ वेतनाच्या पंधरा टक्के.

या रकमेतून अर्थशास्त्रज्ञ काय वाचतात ते पाहू. 2,700 चे वर्षाला 32,400 होतात. समजा, फक्त उदाहरणापुरते, रुळांवरच्या कामात दरवर्षी हजारांतला एक माणूस जास्त मरतो. मग हजार गँगमन मिळून एका मृत्यूच्या जोखमीसाठी वर्षाला 3 कोटी 24 लाख रुपये घेत आहेत. या आकड्याला ‘सांख्यिकीय जीवनमूल्य’ म्हणतात. तो कोणा एकाच्या जिवाची किंमत सांगत नाही. छोट्या जोखमीसाठी माणसे किती पैसे मागतात ते सांगतो. रस्ते किंवा कारखाने सुरक्षित करण्यावर किती खर्च करावा, हे अनेक देशांत अशा हिशेबाने ठरते. भारतातल्या कारखाना कामगारांवरही 1990 च्या दशकात असे अभ्यास झाले.

पण इगतपुरीत हा हिशेब लावताना पाय अडखळतो. घाटातल्या रुळांवरची जोखीम 2017 साली निर्माण झालेली नाही. दरडी आधीही कोसळत होत्या. मध्य रेल्वेची ‘हिल गँग’ कड्यांवर चढून सुटे झालेले दगड आधीही पाडत होती, पावसाळ्यात रात्री कंदील आणि पुढे विजेरी घेऊन माणसे रूळ तपासत होतीच. धोका तोच राहिला आणि भत्ता आयोगाच्या अहवालाने आला. त्या दिवशी बाजारात काहीही बदलले नव्हते. म्हणजे 2,700 हा आकडा बाजाराने शोधलेला भाव नाही, तो समितीने न्याय्य वाटून ठरवलेला दर आहे. त्यातून गँगमन आपल्या जिवाला काय मोल देतात हे काढणे चुकीचे.

रात्रपाळीचा भत्ता हेच दुसऱ्या बाजूने दाखवतो. नियमानुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतल्या प्रत्येक तासामागे दहा मिनिटे जादा धरतात आणि तासाचा दर मूळ वेतन अधिक महागाई भत्ता भागिले 200 असा काढतात. मूळ 18,000 आणि महागाई भत्ता 9,000 असेल तर तास 135 रुपयांचा. आठ तासांची रात्र 80 मिनिटे मिळवते, म्हणजे 180 रुपये. 2020 च्या आदेशाने या भत्त्याला मूळ वेतनाची 43,600 रुपयांची मर्यादा आली. त्यापुढच्या कर्मचाऱ्याची झोप स्वस्त होते असे काही नाही. भरपाईचा सिद्धांत खरोखर चालत असता तर वरच्या पगारवाल्याने रात्रीचे काम नाकारले असते आणि भत्ता परत आणावा लागला असता.

तो का नाकारत नाही? कारण नोकरी ही एकेक सोय सुटी विकणारी पेठ नाही. घर, निवृत्तिवेतन, पास, दवाखाना आणि रात्रपाळी यांचे एकच गाठोडे मिळते. घ्यायचे तर पूर्ण घ्या.

म्हणूनच हा सिद्धांत पगाराच्या तक्त्यांतून सिद्ध करायला फार अवघड गेला आहे. साध्या आकडेवारीत धोक्याची कामे बहुधा कमी पगाराचीच दिसतात, कारण ज्याची कमाईची ताकद जास्त तो पगाराबरोबर सुरक्षितताही विकत घेतो. त्रासाचे मोल स्वच्छपणे दिसते ते माणसांपुढे खरी निवड ठेवली तर. अलेक्झांडर मास आणि अमांडा पॅलेस यांनी 2017 च्या अभ्यासात अमेरिकेतल्या कॉल सेंटरच्या उमेदवारांना वेगवेगळ्या पगारांचे आणि वेळापत्रकांचे पर्याय दिले. मालकाने ऐनवेळी ठरवलेल्या वेळा टाळण्यासाठी सरासरी उमेदवार पगाराचा पाचवा हिस्सा सोडायला तयार होता. म्हणजे माणसे त्रासाला किंमत देतात, यात शंका नाही. ती किंमत पगारात उतरण्यासाठी नाही म्हणता येण्याजोगी दुसरी नोकरी हाताशी हवी.

दुसरी खूण इथे मिळते. पगार खरोखर भरपाईचा असेल तर त्या नोकरीच्या फाटकाशी लांब रांग नसते. जादा पैसे जादा त्रासाने फिटलेले असतात, म्हणून आतला आणि बाहेरचा माणूस जवळपास सारखाच सुखी असतो. 2019 साली रेल्वेने सर्वांत खालच्या पातळीच्या, म्हणजे गँगमनसारख्या, 1,03,769 जागा काढल्या. एक कोटी पंधरा लाखांहून अधिक अर्ज आले. एका जागेमागे शंभराहून जास्त माणसे. ज्या कामाला धोक्याचे म्हणून भत्ता द्यावा लागतो त्याच कामासाठी ही झुंबड आहे. जोखमीची भरपाई झाली एवढेच नव्हे, त्या नोकरीत भरपाईच्या कितीतरी वर काहीतरी आहे.

बाजारभावापेक्षा जास्त

ते ‘वर’चे काय आहे, हे तिसरा सिद्धांत सांगू पाहतो. त्याची प्रसिद्ध कथा हेन्री फोर्डची. 1913 साली फोर्डच्या कारखान्यात माणसे इतकी सोडून जात होती की वर्षाची भरती एकूण कामगारांच्या साडेतीन पटींहून जास्त करावी लागे. जानेवारी 1914 मध्ये त्याने दिवसाची मजुरी पाच डॉलर केली, आधीच्या दुपटीहून अधिक. फाटकाशी हजारोंची गर्दी झाली, सोडून जाणे आणि दांड्या एकदम घटल्या. काम तेच, कौशल्यही तेच होते.

पुढे या कल्पनेच्या दोन मुख्य शाखा झाल्या. कार्ल शापिरो आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांची 1984 ची मांडणी धाकाची आहे. प्रत्येक कामगारावर नजर ठेवता येत नाही. सगळीकडे सारखाच पगार असेल तर काढून टाकण्याची भीती कुणाला वाटणार? पगार बाहेरच्यापेक्षा जास्त असला की गमावण्यासारखे काहीतरी तयार होते. जॉर्ज अॅकरलॉफची 1982 ची मांडणी परतफेडीची आहे. मालकाने ठरल्यापेक्षा जास्त दिले तर कामगारही ठरल्यापेक्षा जास्त करतो, आणि अन्याय वाटला तर हात आखडतो.

धाकाच्या मांडणीतून एक तपासता येणारी गोष्ट निघते. नजर ठेवणे जितके अवघड, तितका जादा पगार मोठा हवा. घाटात याची दोन टोके आहेत. लोको पायलट कामावर येताना आणि सुटताना श्वासचाचणी देतो. त्याच्या वेगाची क्षणाक्षणाची नोंद इंजिनात उमटते. लाल सिग्नल ओलांडला तर लपत नाही. उलट रात्री एकटा रूळ तपासणारा माणूस दोन स्थानकांच्या मध्ये कोणालाच दिसत नाही. त्याच्यासाठी रेल्वेने जुनी युक्ती काढली होती. गस्तीची वही एकाने दुसऱ्याकडे द्यायची, वेळ लिहायची, सही घ्यायची. आता जीपीएस आले आहे. धाकाची मांडणी तंतोतंत लागू असती तर न दिसणाऱ्या माणसाला जास्त आणि सतत नोंद होणाऱ्याला कमी जादा पगार मिळायला हवा होता. प्रत्यक्षात उलट आहे. लोको पायलटचा पगार नजरेच्या अभावाने चढत नाही. त्याच्या एका चुकीची किंमत फार मोठी, म्हणून चढतो. स्मिथने ‘विश्वास’ म्हटले होते ते याच्या जास्त जवळ आहे.

आणखी एक गोष्ट नीट पाहायला हवी. फोर्डने आपल्या नफ्याचा विचार करून पगार वाढवला. रेल्वेच्या पगाराचा पाया दुसराच आहे. सातव्या वेतन आयोगाने किमान 18,000 रुपये ठरवताना 1957 च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेचे निकष वापरले. पोषणतज्ज्ञ डॉ. आयक्रॉइड यांच्या हिशेबाप्रमाणे प्रौढ माणसाला दिवसाला 2,700 कॅलरी, कुटुंबात तीन जणांइतका खप, वर्षाला 72 वार कापड, घरभाडे आणि इंधन. योगायोग असा की त्याच 1957 साली हार्वी लायबेन्स्टाइनने कार्यक्षमता वेतनाचे पहिले रूप मांडले, आणि तेही कॅलरींचेच होते. उपाशी माणसाला कमी मजुरी देणे मालकालाच परवडत नाही, कारण तो तेवढे काम करूच शकत नाही. दोन्हीकडे आकडा पोटाचा, पण हेतू वेगळे. श्रम परिषदेला माणूस नीट जगायला हवा होता, लायबेन्स्टाइनच्या मालकाला काम जास्त हवे होते. म्हणून रेल्वेचा जादा पगार कार्यक्षमता वेतनासारखा परिणाम घडवतो, माणसे टिकतात आणि नोकरी जाण्याला घाबरतात, पण तो त्यासाठी ठरवलेला नाही. परिणाम पाहून हेतू गृहीत धरला की इथे फसगत होते.

खासगी कारखान्यात हा सिद्धांत जास्त चोख तपासता येतो. भारतातल्या नोंदणीकृत कारखान्यांत आता पाचांतले सुमारे दोन कामगार ठेकेदारामार्फत येतात. गोंद्यासारख्या वसाहतीत एकाच ओळीवर कायम कामगार आणि ठेक्याचा कामगार उभा असतो. आयटीआय तोच, आवाज आणि उष्णताही तीच. त्यामुळे दोघांच्या पगारातला फरक शिक्षणाने किंवा त्रासाने समजावता येत नाही. 1970 च्या ठेका कामगार कायद्याखालील नियमांनी तर सारख्या कामाला सारखे वेतन मागितले होते.

इथे धाकाची मांडणी अर्धीच चालते. कायम कामगाराला काढणे मालकाला अवघड असेल तर जादा पगाराने धाक कसा बसेल? उलट ज्याला उद्या काढता येते त्याचा पगार कमी आहे. म्हणून कायम माणसाच्या पगारातला जादा भाग बराचसा युनियनने आणि नोकरीच्या संरक्षणाने मिळवलेला वाटा असतो, आणि थोडा त्या यंत्राचे बारकावे जाणणाऱ्या माणसाला रोखून धरण्याचा मोबदला. कशाचा किती, हे सोडून जाणारे आणि दांड्या मोजल्या की कळते. एखाद्या कारखान्याने ठेक्याच्या माणसाचा पगार वाढवला आणि वर्षभरात नवी भरती व खराब माल इतका घटला की वाढ वसूल झाली, तर तिथे फोर्डचे गणित खरे. नाही झाली तर तो पगार इतर कारणांनी चालला आहे.

परतफेडीच्या मांडणीचा पुरावा मात्र आपल्याच देशातला आहे. एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शामदासानी यांनी ओडिशातल्या हातकामाच्या छोट्या केंद्रांत काही गटांत सर्वांना सारखा आणि काहींत वेगवेगळा रोज दिला. 2018 साली त्यांचे निष्कर्ष आले. जिथे सोबत्याचे काम जास्त की कमी हे डोळ्यांनी दिसत नव्हते, तिथे कमी रोजवाल्यांचे काम घटले आणि हजेरी अठरा टक्के-बिंदूंनी पडली. जिथे जास्त रोज घेणारा खरोखर जास्त माल काढतो हे दिसत होते, तिथे असे झाले नाही. एकाच ओळीवर दोन पगार देणाऱ्याने हा निष्कर्ष ध्यानात घ्यावा. ठेक्याच्या स्वस्त मजुरीतून वाचलेला पैसा हजेरीत आणि मालाच्या दर्जात परत जाऊ शकतो.

दार बंद असेल तर

तिन्ही सिद्धांतांत एक गोष्ट न बोलता धरलेली आहे. माणूस या कामातून त्या कामात जाऊ शकतो. आयरिश अर्थशास्त्रज्ञ केर्न्सने 1874 सालीच दाखवले की मजुरांचे असे गट असतात जे एकमेकांशी स्पर्धाच करत नाहीत. महाराष्ट्रात याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण मुंबईच्या कापड गिरण्यांचे. विणकाम खात्यात पगार चांगला होता. तिथे धाग्याचे टोक तोंडाने ओढून धोट्याच्या भोकातून काढावे लागे, म्हणून सवर्ण कामगारांनी अस्पृश्यांना त्या खात्यात येऊ दिले नाही. दलित कामगार कमी पगाराच्या कताईत अडकले. 1928 च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे लावून धरला.

या एका उदाहरणात पहिले दोन्ही सिद्धांत थांबतात. विणकाम शिकण्याची कुवत असूनही शिकू दिले नाही, म्हणजे मानवी भांडवल जमवण्याचे दारच बंद. जे काम कोणी करू इच्छित नव्हते ते एका समाजाला करावे लागले, म्हणजे भरपाई मागण्याची ताकद नाही. सफाईच्या कामाचे आजचे वेतन हीच गोष्ट सांगते. दुर्गंध, आजार आणि गटारातला मृत्यू यांच्या हिशेबाने ते रेल्वेच्या कोणत्याही फलाटावरचे सर्वांत महाग काम असायला हवे होते. जन्माने दुसरे काम नाकारलेली माणसे पुरेशी मिळतात तोवर ठेकेदाराला भाव वाढवावा लागत नाही.

आवणीही याच रांगेतली. पाऊस धरला की इगतपुरी तालुक्यात दोन-तीन आठवडे सगळ्यांना एकदम माणसे लागतात आणि रोज चढतो. म्हणजे मागणी-पुरवठा चालतो. तरी पाण्यात दिवसभर वाकून लावणी करणारीचा रोज औत धरणाऱ्या पुरुषापेक्षा बहुधा कमीच राहतो. कंबर मोडणाऱ्या कामाची भरपाई तिला मिळत नाही, कारण त्या आठवड्यांत तिच्यापुढे दुसरे काम म्हणजे शेजारच्या खाचरातली आवणीच.

कोणते उत्तर कुठे

हे सगळे एकत्र ठेवले तर चित्र असे दिसते. लोको पायलटचा पगार गँगमनच्या दुप्पट आहे तो मुख्यतः शिडीवर वर्षानुवर्षे मिळवलेल्या विशिष्ट ज्ञानाचा आणि चुकीच्या प्रचंड किमतीचा. गँगमनचा पगार बाहेरच्या मजुरीपेक्षा वर आहे तो सरकारी किमान वेतनाच्या निकषाचा. त्यातला 2,700 चा जोखीम भत्ता भरपाईसारखा दिसतो, पण शंभरपट लांब रांग सांगते की ही नोकरी भरपाईच्या पलीकडे आहे. द्राक्षबागेतल्या टोळीचे उक्ते हे शुद्ध कौशल्याचे दाम. गोंद्यातल्या कायम-ठेका फरकात युनियन, कायदा आणि टिकवण्याचा मोबदला मिसळले आहेत. सफाई आणि आवणीत पगार कमी आहे तो निवड नसल्याने.

याचा उपयोग धोरणात होतो. एखाद्या कामात माणसे मरत आहेत म्हणून भत्ता वाढवा, अशी मागणी येते तेव्हा रांग पाहावी. रांग लांब असेल तर वाढीव भत्त्याने त्या कामाला माणूस मिळण्यात काहीच फरक पडणार नाही, आणि धोका कमी करण्याचे दडपण मालकावर येणार नाही. अशा ठिकाणी रुळांवरची माणसे गाडी येण्याआधी सावध होतील अशा यंत्रणेवर आणि दोन गाड्यांमधल्या राखीव वेळेवर केलेला खर्च जास्त कामाचा. उलट रांगच नसेल, माणसे येऊन सोडून जात असतील, तर पगार खरोखर कमी पडतो आहे. आणि रांग नाही, सोडूनही कोणी जात नाही, तरी पगार तळाशी, असे कुठे दिसले तर पगाराच्या तक्त्यात कारण शोधत बसू नये. त्या माणसांना दुसरीकडे जाऊ न देणारे दार कोणते आहे, ते शोधावे.